ब्रेकर हटून बसला, तर किती थांबायचे?

अति उच्चदाब उपकेंद्रांच्या रिले सेटिंगची चर्चा सुरू झाली की एक प्रश्न फिरून फिरून पुढे येतो. एलबीबीचा टायमर २०० मिलिसेकंदांवरच ठेवायचा, की १५० वर आणायचा? फरक पन्नास मिलिसेकंदांचा, म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तरीही दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे अनुभवी असतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. म्हणून या वादाचा निकाल घाईने न देता दोन्ही पारडी नीट भरून पाहायला हवीत.

एलबीबी म्हणजे लोकल ब्रेकर बॅकअप. लाइनवर फॉल्ट आला, रिलेने तो ओळखला, ब्रेकरला उघडण्याचा आदेश दिला आणि ब्रेकर उघडलाच नाही, तर काय करायचे याची ही तजवीज आहे. ब्रेकर न उघडण्याची कारणे साधीच असतात. ट्रिप कॉइल जळलेली असते, डीसी पुरवठा तुटलेला असतो, एसएफ-६ वायूचा दाब उतरल्यामुळे ब्रेकरची हालचालच कुलूपबंद झालेली असते, किंवा मेकॅनिझममधले ग्रीस वर्षानुवर्षे न हलल्याने घट्ट झालेले असते. कधी कधी संपर्क उघडतात, पण आतली ठिणगी विझत नाही आणि करंट वाहतच राहतो. कारण कोणतेही असो, फॉल्टला करंट पुरवणारा हा दरवाजा बंद होत नाही. मग उरतो एकच मार्ग. त्या दरवाज्यापर्यंत येणाऱ्या बाकीच्या सगळ्या वाटा बंद करायच्या.

एक उपकेंद्र डोळ्यांपुढे आणू. २२० केव्हीचे, दोन बसचे, मध्ये बस-कपलर. पहिल्या बसवर दोन लाइन आणि एक ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या बसवरही तसेच. पहिल्या बसवरच्या एका लाइनवर उपकेंद्राजवळच फॉल्ट आला. त्या क्षणाला शून्य धरू. ३० मिलिसेकंदांनी डिस्टन्स रिलेने आदेश दिला. तो आदेश एकाच वेळी दोन ठिकाणी जातो. एक ब्रेकरच्या ट्रिप कॉइलकडे आणि दुसरा एलबीबीकडे. एलबीबीचा टायमर इथून धावू लागतो. त्याच्या जोडीला करंटवर डोळा ठेवणारा एक घटक असतो. त्याची पातळी साधारणपणे सीटीच्या नामनिर्दिष्ट करंटच्या २० टक्क्यांवर लावलेली असते. आदेश आलेला आहे, करंट अजून वाहतो आहे आणि टायमर संपला आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच एलबीबी पुढचे पाऊल उचलते.

ब्रेकर धड असेल तर त्याला करंट तोडायला ६० मिलिसेकंद लागतात. म्हणजे ९० व्या मिलिसेकंदाला करंट थांबतो. करंटवर नजर ठेवणाऱ्या घटकाला ते उमगून मागे फिरायला आणखी २० लागतात, म्हणजे ११० व्या मिलिसेकंदाला तो शांत होतो. टायमर २०० चा असेल तर तो २३० ला संपणार होता. त्याआधीच कारण नाहीसे झाल्याने तो रद्द होतो. हातात १२० मिलिसेकंदांची मोकळीक उरते. टायमर १५० चा असता तर ती ७० झाली असती.

आता ब्रेकर हटून बसला असे समजू. २३० व्या मिलिसेकंदाला टायमर संपतो. बसबार संरक्षणाच्या ट्रिप रिलेला १० मिलिसेकंद. मग पहिल्या बसवरचे उरलेले दोन्ही ब्रेकर आणि बस-कपलर यांना उघडण्याचा आदेश जातो आणि त्यांना आपापले ६० लागतात. ३०० व्या मिलिसेकंदाला फॉल्टला या उपकेंद्रातून मिळणारा करंट थांबतो. फॉल्ट असलेल्या लाइनच्या पलीकडच्या टोकालाही थेट ट्रिपचा संदेश धाडला जातो, कारण तिकडूनही करंट येत असतो. पहिली बस मेली, दुसरी शाबूत राहिली. सुक्याबरोबर ओले जळले खरे, पण अर्धेच. टायमर १५० चा असता तर हेच काम २५० व्या मिलिसेकंदाला उरकले असते.

नियम काय सांगतो? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांप्रमाणे २२० केव्हीवरचा फॉल्ट १६० मिलिसेकंदांत आणि ४०० केव्हीवरचा १०० मिलिसेकंदांत दूर व्हायला हवा. तेवढ्यात ब्रेकरने काम केले नाही तर ब्रेकर-फेल संरक्षणाने त्या बसवरचे बाकीचे ब्रेकर उघडून पुढच्या २०० मिलिसेकंदांत फॉल्ट संपवायचा. म्हणजे २२० केव्हीला एकूण ३६० आणि ४०० केव्हीला ३०० मिलिसेकंदांची हद्द. आपल्या उदाहरणात २०० चा टायमरही ३०० ला काम संपवतो. म्हणजे २२० केव्हीवर नियमाच्या बाजूने घाई करण्याचे कारण नाही.

दुसरी हद्द नियमात नाही, शेजारच्या उपकेंद्रांच्या रिलेंमध्ये आहे. पहिल्या बसवर येणाऱ्या दुसऱ्या लाइनच्या दूरच्या टोकाला बसलेला डिस्टन्स रिले हा फॉल्ट आपल्या दुसऱ्या झोनमध्ये पाहत असतो. तोही थांबलेला असतो, पण कायमचा नाही. २०१२ च्या जुलैमध्ये ग्रिड कोसळल्यानंतर नेमलेल्या कार्यगटाच्या शिफारशींत या दुसऱ्या झोनसाठी ३५० मिलिसेकंदांचा हिशेब मांडला आहे. एलबीबीचे २००, ब्रेकर उघडायला ६०, रिले मागे फिरायला ३० आणि सुरक्षिततेसाठी ६०. एलबीबी याहून उशिरा आली तर दूरच्या टोकाचे ब्रेकर आधी उघडतील. मग एक बस वाचवण्याच्या नादात शेजारची उपकेंद्रेही अंधारात जातील आणि फॉल्ट नेमका कुठे होता हे शोधायला दुप्पट वेळ लागेल. म्हणून २०० च्या वर जाण्याचा प्रश्नच येत नाही. वाद आहे तो खाली किती यायचे याचा.

१५० च्या बाजूचे म्हणणे आधी ऐकू. फॉल्ट जितका वेळ जिवंत, तितका वेळ जवळच्या जनित्रांना आपली वीज बाहेर ढकलता येत नाही. टर्बाइनमधून येणारी शक्ती मात्र चालूच असते. जनित्राचा रोटर वेग घेऊ लागतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की फॉल्ट संपल्यावरही तो ग्रिडच्या तालात परतत नाही. वीजकेंद्राच्या दारातल्या उपकेंद्रात पन्नास मिलिसेकंद ही किरकोळ गोष्ट नाही. शिवाय आजचे ब्रेकर पूर्वीच्यापेक्षा वेगवान आहेत, संख्यात्मक रिले काही मिलिसेकंदांत मागे फिरतात. जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल काळातल्या अनिश्चिततेसाठी ठेवलेली मोकळीक आज का बाळगायची? हा युक्तिवाद आम्हाला वजनदार वाटतो.

पण त्याच पारड्यात एक वजा गोष्टही टाकावी लागते. या वर्गाच्या ब्रेकरना बहुधा प्रत्येक पोलसाठी वेगळे मेकॅनिझम असते. तिन्ही पोल एकाच वेळी हटून बसण्याची शक्यता कमी. तीन फेजांचा फॉल्ट असला तरी दोन पोल उघडले की मागे एका फेजचा फॉल्ट उरतो आणि एका फेजचा फॉल्ट जनित्राला तितका वेठीस धरत नाही. बाकीच्या दोन फेजांतून वीज वाहत राहते. म्हणून स्थैर्याच्या नावाने काढलेले भय प्रत्येक ठिकाणी तितकेच खरे नसते. मात्र ट्रिप कॉइलकडे जाणारा डीसीच तुटला असेल तर तिन्ही पोल एकत्र अडतात, हेही विसरायला नको.

२०० च्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आळशी ब्रेकरचा आहे. तो हटून बसत नाही, फक्त उशिरा उठतो. महिनोन्महिने बंद स्थितीत राहिलेल्या ब्रेकरची पहिली ट्रिप पुढच्या ट्रिपपेक्षा संथ असू शकते. ग्रीस सुटायला वेळ लागतो. समजा ६० ऐवजी त्याने १२० मिलिसेकंद घेतले. आपल्या उदाहरणात करंट १५० व्या मिलिसेकंदाला थांबेल आणि घटक १७० ला शांत होईल. १५० चा टायमर १८० ला संपतो. मोकळीक उरली फक्त १० मिलिसेकंदांची. थोडे इकडचे तिकडे झाले की ब्रेकर उघडलेला असूनही पूर्ण बस जाईल. २०० च्या टायमरला मात्र ६० मिलिसेकंद शिल्लक असतात. दोष त्या ब्रेकरचाच आहे, त्याची डागडुजी करायलाच हवी. पण त्याच्या आळसाची शिक्षा शेजारच्या लाइनींना आणि ट्रान्सफॉर्मरला द्यावी का, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरा मुद्दा सीटीचा. ब्रेकरने करंट तोडला तरी सीटीच्या गाभ्यात चुंबकत्व अडकलेले असते. ते दुय्यम बाजूच्या तारांतून हळूहळू निथळते. रिलेला हा विझत जाणारा एकाच दिशेचा करंट दिसतो. साधा घटक त्याला खरा करंट समजतो आणि मागे फिरायला उशीर करतो. चांगले संख्यात्मक रिले लाटेचे रूप पाहून हा निथळा ओळखतात आणि पटकन शांत होतात. पण उपकेंद्रात नेमका कोणता रिले बसवला आहे, त्याचा मागे फिरण्याचा वेळ निर्मात्याने कोणत्या परिस्थितीत मोजला आहे, हे पाहिल्याशिवाय वरच्या हिशेबातले २० मिलिसेकंद गृहीत धरता येत नाहीत. २० चे ४० झाले की १५० वाल्यांची मोकळीक ७० वरून ५० वर येते. आणि ब्रेकर आळशी निघाला तर तीच मोकळीक वजा १० होते.

मग उत्तर २०० च का? सगळीकडे नाही. ४०० केव्हीच्या दीड ब्रेकर पद्धतीच्या उपकेंद्रात हिशेब उलटतो. तिथे दोन बसमध्ये तीन ब्रेकर ओळीने असतात आणि त्यांच्या मधून दोन लाइन निघतात. मधला ब्रेकर दोन्ही लाइनींचा सामायिक असतो. पहिल्या लाइनवर फॉल्ट आला, तिच्या बसकडचा ब्रेकर उघडला आणि मधला अडला, तर कोणतीच बस घालवावी लागत नाही. फक्त दुसऱ्या लाइनचा बसकडचा ब्रेकर उघडायचा. पण तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्या लाइनच्या दूरच्या टोकाकडून येणारा करंट अडलेल्या मधल्या ब्रेकरमधून फॉल्टपर्यंत पोचतच राहतो. म्हणून त्या टोकाला थेट ट्रिपचा संदेश जायलाच हवा.

इथे ब्रेकर ४० मिलिसेकंदांत उघडतात. रिलेचे ३०, टायमर २००, ट्रिप रिले १०, ब्रेकर ४०. स्थानिक काम २८० ला संपते. हद्द ३०० ची. पण दूरच्या टोकाचा संदेश वाटेत २० ते ४० मिलिसेकंद घेतो. म्हणजे तिकडचा करंट ३०० ते ३२० ला थांबणार. नियमाची सीमा गाठली किंवा ओलांडलीच. टायमर १५० वर आणला तर हेच २५० ते २७० होते. आणि मोकळीक? धड ब्रेकरचा करंट ७० ला थांबतो, घटक ९० ला शांत होतो, टायमर १८० ला संपतो. ९० मिलिसेकंद शिल्लक. ब्रेकरने दुप्पट वेळ घेतला तरी ५० उरतात. २२० केव्हीवर १५० चा टायमर देतो त्याहून ही मोकळीक मोठीच आहे. थोडक्यात, एकच आकडा राज्यभर लावण्याची सवय २२० केव्हीला सांभाळून घेते आणि ४०० केव्हीच्या मधल्या ब्रेकरवर अन्याय करते.

आता या वादात सहसा न बोलली जाणारी बाजू. टायमर किती हा प्रश्न टायमर सुरू झाल्यावरचा आहे. तो सुरूच झाला नाही तर?

१४ जून २००४ रोजी अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, फीनिक्सजवळच्या वेस्टविंग उपकेंद्राच्या एका २३० केव्ही लाइनवर फॉल्ट आला. वेस्टविंगच्या बाजूला संरक्षणाने फॉल्ट ओळखला होता. पण ट्रिपचा आदेश ब्रेकरांपर्यंत नेणारा एक सहायक रिले अर्धवटच चालला. एक ब्रेकर उघडला, दुसरा नाही. दुसऱ्या ब्रेकरचे ब्रेकर-फेल संरक्षण सुरू करण्याचे कामही त्याच सहायक रिलेवर सोपवलेले होते. ब्रेकरला आदेश मिळाला नाही आणि आदेश मिळाला नाही हे सांगणाराही मुका राहिला. फॉल्ट अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ जिवंत होता आणि पालो व्हर्दे अणुवीज केंद्राची तिन्ही युनिटे बंद पडली. त्या दिवशी टायमर १५० असता की २००, काहीच फरक पडला नसता.

चार वर्षांनी, २६ फेब्रुवारी २००८ रोजी, फ्लोरिडातल्या मायामी भागात फ्लॅगामी उपकेंद्रात बिघडलेल्या एका स्विचची तपासणी चालू होती. त्या कामात मुख्य संरक्षण आणि ब्रेकर-फेल संरक्षण, दोन्ही एकाच वेळी बंद ठेवले गेले होते. फॉल्ट आला तेव्हा स्थानिक पातळीवर पाहणारे कोणीच नव्हते. दूरच्या टोकांच्या संरक्षणाने तो १.७ सेकंदांनी संपवला. तोवर २२ पारेषण लाइनी आणि ४,३०० मेगावॅट उत्पादन बाहेर पडले होते. झोन दोनची मिलिसेकंदे मोजत बसलेल्यांसाठी हा धडा आहे. स्थानिक राखणदार नसला की दूरचा राखणदार येतो, पण तो उशिरा येतो आणि मोठा सोटा घेऊन येतो.

तिसरी कमजोरी आपल्या दोन बसच्या उपकेंद्रांत रोजची आहे. एलबीबीला कोणत्या बसचे ब्रेकर उघडायचे हे आयसोलेटरच्या सहायक संपर्कांवरून कळते. लाइन पहिल्या बसवरून दुसऱ्या बसवर घेतली, पण आयसोलेटरचा सहायक संपर्क गंजून जुन्याच जागी चिकटला, तर रिलेच्या लेखी ती लाइन अजून पहिल्याच बसवर आहे. ब्रेकर अडला की एलबीबी पहिली बस घालवेल. बस-कपलरही उघडेल. आणि फॉल्ट दुसऱ्या बसवरून निवांत जेवत राहील. निरोगी बस मेली, आजारी जिवंत. हे आधी ओळखता येते. बस बदलल्यावर रिलेच्या पडद्यावरचे आयसोलेटरचे चित्र आणि यार्डातला खरा आयसोलेटर जुळतात का, हे ऑपरेटरने त्याच वेळी पाहायला हवे. दोन्ही आयसोलेटर बंद किंवा दोन्ही उघडे अशी विसंगत स्थिती दाखवणारा अलार्म उगाच वाजतो म्हणून दाबून ठेवला जात असेल, तर एलबीबीचा टायमर कितीही काटेकोर असो, तो चुकीच्या घराचे दार ठोठावणार.

खोट्या सुरुवातीचे भयही असतेच. करंटची पातळी २० टक्क्यांवर असल्याने नेहमीचा लोडही घटकाला जागे ठेवायला पुरतो. अशा वेळी टेस्टिंगमध्ये चुकून सुरुवातीचा आदेश मिळाला, तर टायमर १५० असो की २००, तो संपेल आणि बस जाईल. पन्नास मिलिसेकंदांत माणूस चूक दुरुस्त करू शकत नाही. याला उत्तर टायमर लांबवणे नव्हे, तर री-ट्रिप. सुरुवातीचा आदेश आल्याबरोबर एलबीबीने आधी स्वतःच्याच ब्रेकरला, दुसऱ्या ट्रिप कॉइलमधून, पुन्हा उघडायला सांगायचे. सुरुवात खोटी असेल तर एकच लाइन ट्रिप होते, करंट थांबतो आणि बस वाचते. खरी असेल तर पहिली कॉइल जळालेल्या ब्रेकरला दुसरी संधी मिळते. री-ट्रिपलाही किंमत आहे. क्षुल्लक चुकीने एक निरोगी लाइन जाते. पण एक लाइन आणि पूर्ण बस यांत निवड करायची असेल तर आमचे मत स्पष्ट आहे.

आमचा कौल म्हणून असा. २२० केव्हीच्या दोन बसच्या उपकेंद्रात २०० मिलिसेकंद राहू द्यावेत. नियमाची आणि दुसऱ्या झोनची, दोन्ही हद्दी तिथे पाळल्या जातात आणि आळशी ब्रेकरला सांभाळून घेतले जाते. वीजकेंद्राच्या दारातल्या उपकेंद्रात स्थैर्याच्या अभ्यासाने कमी वेळ मागितला, तर तो जरूर द्यावा, पण ब्रेकरच्या पहिल्या ट्रिपचा वेळ मोजून आणि रिलेचा मागे फिरण्याचा वेळ तपासून. ४०० केव्हीच्या मधल्या ब्रेकरवर मात्र १५० च्या आसपास यावे, कारण तिथे दूरच्या टोकाचा संदेश हद्दीत बसत नाही. आणि हे सगळे करण्याआधी एक तपासणी व्हावी. ट्रिपचा आदेश आणि एलबीबीची सुरुवात एकाच सहायक रिलेच्या भरवशावर आहे का, री-ट्रिप वेगळ्या कॉइलवर आणि वेगळ्या डीसीवर आहे का, हे प्रत्येक बेच्या वायरिंगच्या नकाशावर बोटाने तपासावे. हे झाल्यावर पन्नास मिलिसेकंदांवर खुशाल वाद घालावा. त्याआधी घातलेला वाद वेस्टविंगच्या त्या मुक्या रिलेला ऐकू जात नाही.